मदत हवी आहे: परिच्छेदात लिहिलेल्या पाळ्यांचा आठवड्याचा तक्ता कसा करावा?

मीनल_क
दर आठवड्याला पाळ्यांची वाटणी एका सलग परिच्छेदात येते. भिंतीवर लावायला तक्ता हवा आहे: वर वार, डावीकडे नावं. या वेळचा मजकूर असा:

«सुनंदा सोमवार ते गुरुवार सकाळी, शुक्रवारी सुट्टी, शनि-रवि रात्री. महेश बुधवार सोडून रोज दुपारी. फरीदा सोम-मंगळ रात्री, बुधवारी महेशच्या जागी, शुक्र-शनि सकाळी. गणेश बुधवार ते शुक्रवार रात्री.»

सकाळ 6 ते 2, दुपार 2 ते 10, रात्र 10 ते 6. प्रत्येक पाळीला एक माणूस लागतोच. एक्सेल आहे.

राजू७७
आधी नाव, वार, पाळी अशा तीन रकान्यांची यादी करा आणि तिच्यावर पिव्होट टेबल लावा. नावं खाली, वार वर, पाळी मधे. आपोआप तक्ता तयार.

वसुधा
राजू, यादीची कल्पना चांगली आहे, पण साध्या पिव्होटच्या मधल्या चौकोनात अक्षर येत नाही. तो मजकुराची मोजणी करतो, म्हणून सगळीकडे 1 दिसेल. चार नावं आणि सात वार म्हणजे 28 चौकोन. एवढे हातानेच भरलेले बरे.

मीनल, वार B1 ते H1 मध्ये आणि नावं A2 ते A5 मध्ये घ्या. खुणा स, दु, रा आणि सुट्टीला सु. भरताना वाक्यांच्या क्रमाने जाऊ नका. थेट सांगितलेले वार आधी भरा, मग «सोडून» असलेली वाक्यं, आणि «च्या जागी» सगळ्यात शेवटी. फरीदाच्या बुधवारी काय लिहायचं हे महेशची ओळ भरल्याशिवाय कळत नाही. तिथे दु येतं.

ज्या वाराबद्दल काहीच लिहिलेलं नाही तिथे सु लिहू नका, प्रश्नचिन्ह ठेवा. शुक्रवारची सुनंदाची सुट्टी लिहून दिली आहे, फरीदाची गुरुवारची नाही. महेशचा बुधवार मी सु धरला आहे, कारण «सोडून» म्हटलं आहे.

```
        सोम मंगळ बुध गुरु शुक्र शनि रवि
सुनंदा | स | स | स | स | सु | रा | रा
महेश  | दु | दु | सु | दु | दु | दु | दु
फरीदा | रा | रा | दु | ? | स | स | ?
गणेश  | ? | ? | रा | रा | रा | ? | ?
```

आता A7, A8, A9 मध्ये स, दु, रा लिहा. B7 मध्ये हे सूत्र टाकून H9 पर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B$2:B$5,$A7)
```

21 पैकी 20 ठिकाणी 1 येईल. H7 मध्ये 0 येईल. रविवार सकाळ कोणालाच दिलेली नाही! परिच्छेद वाचताना हे लक्षात येत नाही, तक्त्यात लगेच दिसतं.

मीनल_क
खरंच शून्य आलं. पण शुक्रवारी सकाळच्या खाली पण 0 दाखवतंय, आणि फरीदाच्या चौकोनात तर स दिसतंय.

वसुधा
तिथे «स» नंतर रिकामी जागा पडली असणार. डोळ्याला दिसत नाही, पण सूत्र तो चौकोन मोजत नाही. पुन्हा टाइप करा. पुढे असं होऊ नये म्हणून B2:H5 निवडून Data Validation मध्ये List घ्या आणि Source मध्ये स,दु,रा,सु,? द्या. मग खूण यादीतूनच निवडता येईल.

प्रकाश_पाटील
आमच्याकडे एकच माणूस कधी सकाळ-दुपार सलग करतो. चौकोनात «स+दु» लिहिलं की मोजणी चुकते. `"*स*"` वापरलं तर?

वसुधा
प्रकाश, मग सु सुद्धा सकाळ म्हणून मोजला जाऊ शकतो, कारण त्यातही स आहे. तुमच्या तक्त्यात सुट्टीला X ठेवा, म्हणजे एक खूण दुसरीच्या पोटात येणार नाही. मीनलच्या तक्त्यात ही अडचण नाही, तिथे चौकोनात एकच खूण आहे.

राजू७७
रविवार सकाळ सुनंदाला देऊन टाका, ती त्या दिवशी आहेच.

वसुधा
नाही. तिची शनिवारची रात्र रविवारी सकाळी 6 ला संपते आणि सकाळची पाळी तेव्हाच सुरू होते. रात्र ज्या वारी सुरू होते त्या वाराखाली लिहिली जाते, म्हणून ही टक्कर शेजारच्या चौकोनात असते आणि सूत्राला कळत नाही. रा च्या उजवीकडे स आला तर थांबायचं. दु आला तरी मध्ये आठच तास राहतात. फरीदाचं मंगळ-बुधला तेच झालं आहे, ते चालतं का विचारा. महेश दुपारी आहे, म्हणजे त्याला सलग 16 तास होतील. उरले फरीदा आणि गणेश.

अजून एक: H नंतर «पुढचा सोम» असा रकाना ठेवा. सुनंदा रविवारी रात्री आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा «सोमवार ते गुरुवार सकाळी» आलं, तर तीच टक्कर आठवड्याच्या सांध्यावर होईल.

मीनल_क
रकाना घातला. रविवार सकाळ आणि फरीदाचा बुधवार, दोन्ही लिहून विचारलं आहे. गणेशचे चार प्रश्नचिन्हांचे दिवस पण विचारू का, की ते सुट्टीच धरतात सगळे?

वसुधा
विचाराच. तो दुसऱ्या कामावर असेल तर रविवार सकाळ त्याला देता येणार नाही.