प्रतिसाद: दुसरा अर्धा कुठून आला?

> ‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’ हा गीतेतला पूर्ण श्लोक आहे, असं चित्र फिरतंय. खरं का?

नाही. गीतेत अहिंसा हा शब्द १०, १३, १६ आणि १७ या अध्यायांत येतो, पण ही ओळ कुठेच नाही. पहिला अर्धा मात्र अस्सल आहे, महाभारतातला. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांस का खाऊ नये ते सांगताना म्हणतात:

अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः।
अहिंसा परमं दानमहिंसा परमं तपः॥

म्हणजे विषय आहे प्राणिहत्येचा, युद्धाचा नव्हे. वनपर्वात धर्मव्याधाच्या तोंडी ‘स च सत्ये प्रतिष्ठितः’ अशी पुढची जोड आहे, आदिपर्वात डुंडुभ हा साप ‘सर्वप्राणभृतां स्मृतः’ म्हणतो. ‘धर्महिंसा तथैव च’ यांपैकी कुठेही नाही.

स्वतः पडताळायचं तर भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीची संगणकीय संहिता घ्या आणि फक्त ‘परमो धर्म’ एवढंच शोधा. विसर्गासकट ‘धर्मः’ टाकलंत की संधीमुळे वरचा श्लोकच निसटतो, आणि मग लोक म्हणतात सापडलंच नाही! अध्यायक्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून पर्व आणि प्रसंग धरून बघा. चित्रावर नुसतं ‘गीता’ लिहून अध्याय-श्लोक गाळलाय, तिथेच खरं तर शंका यायला हवी होती.