मदत हवी आहे: स्टॅटिस्टिक्सचा पॅरा रिव्ह्यूअरने परत पाठवलाय

गुडघा_फिजिओ: पुण्यात फिजिओचं पीजी करतेय. रिव्ह्यूअर म्हणतो प्रत्येक टेस्ट का लावली आणि तिची गृहीतकं काय ते सरळ लिहा. माझा पॅरा एवढाच: "नॉर्मॅलिटी शापिरो-विल्कने तपासली, पेअर्ड व अनपेअर्ड टी-टेस्ट लावली." सगळे असंच लिहितात की! सोमवारी द्यायचंय, कुणीतरी नीट करून द्या ना.

सदाशिवपेठी: काय मोजलं, कुणाचं, किती वेळा?

गुडघा_फिजिओ: अहो दुखण्याचा स्कोअर, ० ते १०, आधी आणि सहा आठवड्यांनी. एका ग्रुपला नुसते व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि टेपिंग, चिठ्ठ्या टाकून ग्रुप पाडले.

कोथरूडचा_बंड्या: सॅम्पल ३० च्या वर असेल तर नॉर्मॅलिटी बघायचीच नसते, सेंट्रल लिमिट थिअरम. ते वाक्य उडव, विषय संपला.

सदाशिवपेठी: ३० आकड्यात काही जादू नाही रे, डेटा एका बाजूला फार कललेला असेल तर तेवढेही कमी पडतात. आणि पेअर्डमध्ये बघायचं ते आधी-नंतरच्या फरकाचं, दोन कॉलमचं वेगवेगळं नाही. बरं, पेशंट किती आणि एक्सेलमध्ये ओळी किती?

गुडघा_फिजिओ: पेशंट ६०, ओळी ८३. काहींचे दोन्ही गुडघे दुखतात ना.

एसपीएसएस_काका: एसपीएसएसमध्ये Analyze, मग Compare Means, तिथे पेअर्ड सापडेल. आमच्या वेळी हे सगळं कॅल्क्युलेटरवर करायचो.

सदाशिवपेठी: काका, टेस्ट लावून झालीये तिची. खरी गोची त्या ८३ मध्ये आहे. दोन्ही टेस्ट धरून चालतात की प्रत्येक ओळ दुसरीपासून स्वतंत्र आहे, पण एकाच माणसाचे दोन गुडघे बरोबरीनेच कमी-जास्त दुखतात. ओळी ८३ असल्या तरी माहिती तेवढी नाही, मग स्टँडर्ड एरर बहुतेक खोटीच लहान येते आणि पी पण. शापिरोला हे कळत नाही. पॅरा असा कर:

"प्रत्येक पेशंटचा सुरुवातीला जास्त दुखणारा गुडघाच धरला (सारखे असल्यास उजवा), कारण एका व्यक्तीचे दोन गुडघे स्वतंत्र नसतात. हा निर्णय डेटा गोळा झाल्यावर घेतला. दोन ग्रुपमधल्या फरकासाठी अँकोव्हा लावली, कारण सुरुवातीच्या दुखण्याचा परिणाम नंतरच्या स्कोअरवर होतो. गृहीतकं: हा संबंध सरळ रेषेत आणि दोन्ही ग्रुपमध्ये सारखा आहे, रेसिड्युअल साधारण नॉर्मल आणि त्यांचा पसारा सारखा आहे. ती आलेखांवरून तपासली."

तपासलीस तरच ते शेवटचं वाक्य ठेव.

गुडघा_फिजिओ: म्हणजे सगळं परत करायचं?? आणि पेअर्ड?

सदाशिवपेठी: काढ. एका ग्रुपमध्ये पी ०.०३ आणि दुसऱ्यात ०.०८ आलं म्हणून टेपिंग सरस ठरत नाही, आपोआप बरं वाटणं दोन्हीकडे असतंच.

मिक्स्ड_मॉडेल_ताई: २३ गुडघे फेकून कशाला द्यायचे? मिक्स्ड मॉडेल लावा, पेशंट रँडम इफेक्ट म्हणून, ८३ च्या ८३ वापरता येतात.

सदाशिवपेठी: येतात, पण ते व्हायव्हात तिलाच समजावून सांगायचंय.

कोथरूडचा_बंड्या: आणि एथिक्स कमिटीला दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये टी-टेस्टच लिहिली असेल तर? ती अशी परस्पर बदलता येते का?

मिक्स्ड_मॉडेल_ताई: बदल केला हे उघड लिहायचं, ठरलेली टेस्टही एका गुडघ्यावर करून शेजारी द्यायची.

गुडघा_फिजिओ: प्रोटोकॉल गाईडकडे आहे, ते फोन उचलत नाहीयेत. बघते.