घरचं पनीर: लिंबू कधी टाकायचं आणि दाबायच्या आधी किती थांबायचं? (अनुभव धागा)

म्हशीच्या 2 लिटर दुधाचं पनीर एकदा मऊ होतं, एकदा भुगा होतो, तर एकदा दाताखाली रबरासारखं चिवट लागतं. दूध त्याच गोठ्यातलं आणि कापडही तेच असतं. मग बदलतं ते लिंबू पडताना दूध किती गरम होतं, आणि फाटलेलं दूध कापडात ओतायच्या आधी किती वेळ राहू दिलं. आपापली पद्धत लिहा. थर्मामीटर असेल तर आकडा द्या, नसेल तर कशावरून ओळखता ते सांगा. दूध गाईचं की म्हशीचं हे मात्र नक्की लिहा.

गोठेवाली, आर्वी
म्हशीचं दूध, 2 लिटर, जाड बुडाचा गंज. एक उकळी येऊ द्यायची, मग गंज चुलीवरून खाली उतरवायचा. नुसती काडी ओढून भागत नाही, निखारा तापवतच राहतो. दूध 75 अंशांवर आलं की लिंबू. झाकण न ठेवता माझ्या गंजाला उन्हाळ्यात 12 मिनिटं लागतात, थंडीत 8. तुमच्या भांड्याचा वेळ वेगळा येईल, म्हणून एकदा थर्मामीटर लावून मोजा आणि लिहून ठेवा. पुढे घड्याळावर काम चालतं. बोट बुडवून पाहू नका. 60 अंशांचं दूधही चटका देतं आणि 80 चंही, त्यातून काही कळत नाही.

75 पर्यंत उतरवायचंच आहे तर उकळायचं कशाला, असं वाटेल. दूध 90 च्या वर तापलं की एरवी निवळीबरोबर वाहून जाणारं प्रोटीनही चोथ्याला चिकटतं, आणि पनीर जास्त भरतं. म्हणून उकळी सोडायची नाही, लिंबू मात्र उकळीत टाकायचं नाही.

विदर्भाचा गडी
मी तर म्हणतो उकळतं असतानाच पिळा. लगेच फाटते, निवळी एकदम साफ होते. अन् चांगलं घोटत राहा, म्हणजे राहिलेलं दूधही फाटते. थंड करत बसाल तं अर्धं दूध निवळीतच जाते.

डेअरीवाला, यवतमाळ
वरच्या प्रतिसादात एक गोष्ट खरी आहे: दूध फार थंड झालं तर नुकसान होतं. 60 च्या खाली लिंबू टाकलं की कण बारीक आणि लिबलिबीत पडतात, कापडातून निसटतात, निवळी दुधाळ राहते. पण उकळत्या म्हशीच्या दुधात टाकलं की कण क्षणात आकसतात आणि आतलं पाणी बाहेर फेकतात. तेच ते रबर. वजनातही मार बसतो.

गाईच्या दुधाचं गणित वेगळं. त्याचा चोथा मुळातच नाजूक, म्हणून 80 ते 85 वर टाकलेलं चालतं, उलट बरं. उकळत्या दुधात टाकून ज्यांचं पनीर बिघडत नाही ते बहुतेक गाईचं दूध वापरत असावेत.

घोटण्याबद्दल: लिंबू पडेपर्यंत झारा हळू, तळापासून वर फिरवायचा. निवळी सुटली की हात थांबवायचा. घोटलं की गठ्ठे मोडतात, आणि मोडलेला चुरा दाबून एकजीव होत नाही. भुग्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

विदर्भाचा गडी
दूध गाईचंच हाये आमचं. म्हशीवर पाहिलं नाही.

लिंबूबाग, अकोला
लिंबाच्या मापाबद्दल कोणी लिहिलं नाही. तापमान बरोबर असूनही माप चुकलं की सगळं चुकतं. 2 लिटरला मोजून 70 मिली रस काढून ठेवा. रसरशीत कागदी लिंबं 5 पुरतात, उन्हाळ्यातली सुकी 8 पण लागतात, म्हणून नगावर जाऊ नका. रसात तेवढंच गरम पाणी घाला. गार रस ओतला की तो पडतो तिथलं दूध एकदम थंडावतं, आणि आंबटपणाही एकाच जागी बसतो.

तीन हप्त्यांत टाका, प्रत्येक हप्त्यानंतर अर्धा मिनिट थांबा. निवळी हिरवट पिवळी आणि आरपार दिसली की हात आवरा, रस उरला तरी चालेल. 60 मिलीतही काम होतं कधी. जास्त पडला तर पनीर आंबट आणि चरचरीत होतं. लिंबं महाग असतात तेव्हा 4 ग्रॅम लिंबूसत्त 400 मिली गरम पाण्यात विरघळवून वापरा, माप दर वेळी सारखं पडतं.

शेवंती
आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचं दूध तापवताना आपोआपच नासते. त्यात लिंबू टाकायचं काम नाही, तं मंग किती अंशांवर थांबवायचं?

गोठेवाली, आर्वी
शेवंतीताई, इथली गोष्ट ताज्या दुधाची आहे. नासलेल्या दुधात आंबटपणा आधीच चढलेला असतो, किती ते आपल्या हातात नाही. तो चोथा रवाळच पडतो, वडी धरत नाही. वास ठीक असेल तर साखर घालून आटवा, पनीरच्या नादी लागू नका.

आता थांबण्याबद्दल. निवळी सुटली की गंजावर झाकण आणि 5 मिनिटं हात नाही लावायचा. तेवढ्यात कण एकमेकांना धरतात आणि खाली बसतात. मग ओल्या मांजरपाटात ओतायचं.

पाटा वरवंटा
मी 10 मिनिटं ठेवते. 5 मध्ये ओतलं तर वरचे तरंगते कण कापडाला चिकटून वाया जातात. म्हशीचं दूध, 3 लिटर, झाकण घट्ट.

डेअरीवाला, यवतमाळ
दोन्ही बरोबर, कारण खरी अट मिनिटांची नाही, गरमपणाची आहे. कापडात ओतताना निवळी 63 अंशांच्या खाली गेलेली नको. 3 लिटर झाकलेला गंज 10 मिनिटांत तेवढा निवत नाही. 1 लिटरचं पातेलं थंडीत सहज निवतं, तिथे 5 च ठीक.

अर्धा तास विसरून गेलात तर कण थंड होऊन सुटे सुटे राहतात, मग वर कितीही वजन ठेवा, कापताना चुरा होतो. अशा वेळी निवळी वेगळी काढून 75 पर्यंत तापवा आणि चोथ्यावर परत ओतून 5 मिनिटं झाका. थोडं सावरतं, पूर्ण नाही. आंबटपणा काढायला चोथा गार पाण्याने धुतात, तिथेही हेच होतं. धुवायचं असेल तर गरम पाण्याने.

पाटा वरवंटा
कापडात ओतल्यावर गाठोडं मिनिटभर उचलून धरा, मोठी धार थांबली की लगेच चौकोनी घडी करून वजन. 2 लिटरचा चोथा साधारण 400 ग्रॅम भरतो, त्याला 2 ते 3 किलो वजन 15 ते 20 मिनिटं पुरे. माझा वरवंटा तेवढ्याच वजनाचा आहे. वजन खाली ताट ठेवून द्या, नाहीतर मध्ये खड्डा आणि कडा कच्च्या राहतात. नंतर कापडासकट माठाच्या पाण्यात 2 तास, मध्ये एकदा पाणी बदलून. फ्रीजमधलं पाणी असेल तर काप अजून स्वच्छ येतो.

विदर्भाचा गडी
आज गाईचं 2 लिटर 82 वर धरलं, घोटलं नाही, 5 मिनिटं झाकलं. वडी धरली, पण कोपरे सुटले.

लिंबूबाग, अकोला
ओतताना निवळी किती गरम होती ते मोजलं का?

विदर्भाचा गडी
नाही. उद्या मोजतो.