मदत हवी आहे: शेअर पडला, पण बेअर पुट स्प्रेडचा नफा अर्धाच दिसतोय

फोंडेकर_८८
लवकर कोणीतरी सांगा. सगळे म्हणतात नुसता पुट महाग पडतो, स्प्रेड करा, म्हणून स्प्रेड केला: वरच्या स्ट्राइकचा पुट घेतला, खालच्या स्ट्राइकचा विकला. शेअर माझ्या खालच्या स्ट्राइकच्याही खाली गेलाय. हिशेबाने २०,००० नफा दिसायला हवा, स्क्रीनवर ९,५०० दिसतोय. ब्रोकरचं ॲप चुकतंय की मी फसलोय? काढू की ठेवू?

थेटा_भाऊ
ॲप बरोबर आहे. टाइम व्हॅल्यू, म्हणजे एक्सपायरीपर्यंत उरलेल्या दिवसांची किंमत. खालचा पुट विकलायस ना, त्यात अजून जीव आहे. तो परत विकत घे आणि वरचा पुट मोकळा पळू दे. पडत्या शेअरला लगाम कशाला?

मांडवीकाठ
थांबा. स्ट्राइक कुठले, किती प्रीमियमला, लॉट किती, एक्सपायरी कधी? हे न सांगता "काढू की ठेवू" विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय" एवढंच सांगण्यासारखं आहे.

निवृत्त_मास्तर
सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचा. तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या दर १०० पैकी ९३ जणांनी पैसे घालवले. आमच्या डिचोलीत एका मुलाने बागायत गहाण टाकली होती. मुदत ठेव करा, झोप लागते.

फोंडेकर_८८
मास्तर, प्रश्न तो नाही हो.
१००० चा पुट ३२ ला घेतला, ९४० चा १२ ला विकला. लॉट ५०० चा, एकच. तेव्हा शेअर १००० ला होता. दहा दिवसांत ९३८ वर आला. आता १००० चा पुट ६८ आणि ९४० चा २९ दाखवतोय. एक्सपायरीला २० दिवस आहेत. नुसता पुट घेतला असता तर आज १८,००० नफा असता, हेच डोक्यात घोळतंय.

म्हापशेकरीण
माझ्याकडे याच क्षेत्रातल्या कंपनीचे ३०० शेअर आहेत, म्हणून मी फक्त पुट घेऊन ठेवते. विम्यासारखा. तुम्हीपण शेअर विकू नका, पुट सांभाळा.

फोंडेकर_८८
ताई, माझ्याकडे शेअर नाहीतच. नुसता पडेल म्हणून खेळलो.

मांडवीकाठ
आता चित्र स्पष्ट झालं. तुम्ही ३२ दिले, १२ घेतले, म्हणजे २० गेले. ५०० च्या लॉटला १०,०००. नुसत्या पुटला १६,००० लागले असते. स्वस्त पडलं ते याच अर्थाने. बदल्यात ९४० च्या खालची सगळी घसरण तुम्ही दुसऱ्याला विकून टाकलीत. स्प्रेडची किंमत ६० च्या वर जाऊ शकत नाही, आणि ६० तरी एक्सपायरीलाच होते. आज ६८ वजा २९, म्हणजे ३९. त्यातून २० वजा केले की १९, गुणिले ५००: ९,५००. ॲपचं काही चुकलेलं नाही.

मूळ मुद्दा असा की शेअर आत्ता बरोबर तुमच्या विकलेल्या स्ट्राइकवर उभा आहे, आणि पुटची टाइम व्हॅल्यू तिथेच सर्वात जास्त असते. त्या २९ मधले खरे आतले रुपये फक्त २ आहेत, बाकी २७ हवा. ती हवा उतरायला दिवस जावे लागतात. घसरण झटक्यात होणार असेल तर नुसता पुट बरा, हळूहळू होऊन खाली थांबणार असेल तर स्प्रेड. तुमची घसरण झटक्यात झाली. टक्क्यांत पाहिलं तरी आज नुसता पुटच पुढे आहे.

थेटा_भाऊ
म्हणूनच म्हणतो, ९४० चा पुट परत घे. अमेरिकेतल्या व्हिडिओत मी पाहिलंय, विकलेला पुट आत गेला की समोरचा कधीही शेअर गळ्यात मारतो.

मांडवीकाठ
भाऊ, टाइम व्हॅल्यूचं तुमचं बरोबर, हे दुसरं नाही. आपल्याकडे शेअरचे ऑप्शन २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, एक्सपायरीआधी कोणी गळ्यात मारू शकत नाही.

आणि २९ ला परत घेण्याचा हिशेब करून बघा. १२ ला विकलेला २९ ला घेतला की १७ चा तोटा नक्की झाला, ८,५००. मग हातातल्या पुटची एकूण किंमत ४९ झाली. शेअर उसळून एक्सपायरीला ९६० ला बंद झाला तर त्या पुटमध्ये ९ रुपये तोटा, उलट स्प्रेड तसाच ठेवला असता तर २० रुपये नफा. स्प्रेडच्या पुढे जायला शेअर ९११ च्या खाली जायला हवा.

थेटा_भाऊ
जाईल ना! रिझल्ट खराबच येणार.

मांडवीकाठ
रिझल्ट? कधी?

फोंडेकर_८८
परवा. सांगायचं राहिलं.

मांडवीकाठ
धन्य आहात. हीच तर मुख्य गोष्ट! दोन्ही पुट फुगलेत ते रिझल्टच्या भीतीने. निकाल लागला की फुगवटा उतरेल. विकलेला पुट जास्त फुगलेला असल्याने शेअर इथेच घुटमळला तर ते तुमच्या बाजूचं आहे. वर उसळला तर नाही. आता अजून २१ रुपये मिळवायला तुम्ही हातातले ३९ पणाला लावताय. मी असतो तर अर्धं काढलं असतं, पण लॉट एकच, म्हणून तुम्हीच ठरवा.

म्हापशेकरीण
मला एक कळत नाही, १०,००० चाच सौदा तर ब्रोकरने याहून जास्त पैसे का अडकवले? माझ्या भाच्याने असाच केला होता.

मांडवीकाठ
ताई, विकलेल्या लेगवर मार्जिन लागतंच. वरचा पुट असल्याने बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही. म्हणून "स्वस्त" म्हणताना प्रीमियम स्वस्त, अडकलेली रक्कम नुसत्या पुटपेक्षा जास्तही असू शकते.

फोंडेकर, एक लक्षात ठेवा, एक्सपायरीपर्यंत झोपून राहू नका. शेअर ९४० च्या खाली बंद झाला तर दोन्ही पुट एकमेकांना फिटतात. पण ९५५ ला बंद झाला तर ९४० चा रद्दी आणि १००० चा आत. शेअरच्या ऑप्शनची सेटलमेंट प्रत्यक्ष डिलिव्हरीने होते, म्हणजे तुम्हाला ५०० शेअर द्यायचे. डीमॅटमध्ये नाहीत, मग लिलाव आणि दंड. शेवटच्या चार दिवसांत मार्जिनही वाढत जातं. बाहेर पडताना आधी विकलेला परत घ्या, मग वरचा विका. उलट केलंत तर मधल्या क्षणी विकलेला पुट उघडा पडतो आणि मार्जिन कमी पडतं. आणि लिमिट ऑर्डरच टाका, आत गेलेल्या पुटमध्ये घेणारे कमी असतात.

निवृत्त_मास्तर
यापेक्षा मासेमारीत जास्त निश्चितता आहे.

फोंडेकर_८८
रिझल्ट ठीकठाक आले. शेअर ९५१ वर आला. मला वाटलं संपलं सगळं. पण १००० चा पुट ६८ वरून ५३ झाला आणि ९४० चा २९ वरून १६. स्प्रेड ३७! फक्त २ रुपये गेले. नुसता पुट असता तर १५ गेले असते. काल रात्री लाइट गेली होती, ऑर्डर टाकू शकलो नाही. आज सकाळी विकलेला १६.५० ला घेतला, वरचा ५२.५० ला गेला. १६ रुपये हाती, ८,००० वजा खर्च.

थेटा_भाऊ
घाई केलीस. ९०० येणार बघ.

म्हापशेकरीण
अभिनंदन! पण हा नफा रिटर्नमध्ये व्यवसायात धरायचा की शेअरसारखा भांडवली?

मांडवीकाठ
व्यवसायात, ताई. त्याचा वेगळा धागा काढा.