गालावरचे डाग: वांग, टॅन की नुसते ठिपके? फोटो बघून सांगा

सांगलीची_बाई
नमस्कार. वय ३६, तासगावच्या बाजूला एका शाळेत शिकवते. स्कूटीवर जाता-येता रोज दीड तास मोडतो. गेल्या उन्हाळ्यापासून दोन्ही गालांच्या हाडांवर तपकिरी डाग आलेत आणि वरच्या ओठावर सावलीसारखं दिसतं. परवा चौथीतल्या एका पोरानं सरळ विचारलं, "बाई, तुम्हाला मिशी येतीय का?" त्या दिवशी वर्गात कसाबसा तास पुरा केला.
डोळे झाकून फोटो टाकलाय. नाकावर बारके ठिपके दिसतील, ते शाळेत असल्यापासून आहेत, आईलाही आहेत. डोळ्यांभोवती आणि कपाळाच्या खालच्या भागात आडवा काळपट पट्टा आहे. सासूबाई म्हणतात बाळंतपणानंतरचं वांग, बहीण म्हणते टॅन आहे, पार्लरला जा. पैसे घालायच्या आधी नेमकं काय आहे ते कळावं.

आत्याबाई_मिरज
वांगच आहे गं हे. माझ्या दोन्ही जावांना दिवस गेल्यावर असंच आलं होतं, एकीचं आपोआप गेलं, एकीचं राहिलं. सगळी अंगातली उष्णता. लिंबाच्या रसात हळद कालवून लाव, वीस मिनिटं ठेव, महिन्यात फरक पडतो.

बागायतदार_तासगाव
ताई, माझंही तसंच. एप्रिलच्या खरड छाटणीला दिवसभर बागेत असतो. मान, चेहरा, हात करपल्यासारखे होतात आणि घड्याळ काढलं की खाली पांढरा पट्टा. मलाही वांग झालंय का? पुरुषांना होतं का?

त्वचा_विभाग_निवृत्त
मिरजेत त्वचारोगाच्या ओपीडीत बरीच वर्षं काम केलंय. आधी फोटोबद्दल. ताई, हा पुढच्या कॅमेऱ्यानं रात्री ट्यूबखाली काढलेला दिसतो. उजेड डावीकडून आहे, त्यामुळे उजवा गाल मुळातच काळा दिसतोय आणि मोबाईलनं कातडी गुळगुळीत केलीय. सकाळी खिडकीसमोर उभ्या राहा, ऊन थेट चेहऱ्यावर नको. ब्युटी मोड आणि फ्लॅश बंद ठेवून मागच्या कॅमेऱ्यानं कोणालातरी तीन फोटो काढायला सांगा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. चेहरा धुतलेला असू दे.

तरी या फोटोत एक गोष्ट स्वच्छ दिसते. तुमच्या चेहऱ्यावर एक नाही, तीन गोष्टी आहेत.

डोळ्यांभोवतीचा पट्टा टॅन. स्कार्फ बांधल्यावर जेवढा भाग उघडा राहतो तेवढाच तो आहे, रंग सगळीकडे सारखा, आणि कड स्कार्फच्या काठाशी संपते. बागायतदार दादांचा घड्याळाचा पट्टा हाच प्रकार. टॅन कपड्याचा आकार घेतं आणि ऊन थांबलं की काही आठवड्यांत, कधी महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. दादा, वांग पुरुषांनाही होतं, पण तुम्ही सांगता ते त्यातलं वाटत नाही.

गाल आणि ओठ वेगळे. ते स्कार्फच्या आत असतात, म्हणजे नुसतं टॅन असतं तर तिथं सगळ्यात कमी काळं पडायला हवं होतं. डाग दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे आहेत आणि कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी आहे. हे वांगाकडे झुकतं. एक विचारते, गर्भनिरोधक गोळ्या घेता का?

आत्याबाई, बाळंतपणाचा संबंध तुम्ही बरोबर सांगितलात. पण लिंबू नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखं होतं, फोड येतात आणि मागे आणखी काळा डाग राहतो.

सातारकर_स्नेहा
ताई, मेडिकलमधून विचारून मलम आणू नका, हात जोडून सांगते. मला साताऱ्यात एका दुकानदारानं चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला म्हणून सात महिने लावली. मग गाल लाल, बारीक लव, चुलीजवळ गेलं तरी आग. बंद केली तर डाग पहिल्यापेक्षा गडद. नंतर डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड.

त्वचा_विभाग_निवृत्त
स्नेहा, असे चेहरे ओपीडीत आठवड्याला येत. तेच मलम डॉक्टर ठरावीक आठवडे देतात आणि मधे तपासतात. महिनोन्महिने आपल्या मनानं लावलं की कातडी पातळ होते.

सांगलीची_बाई
गोळ्या दोन वर्षांपासून चालू आहेत! कोणी कधी विचारलंच नव्हतं. नवे तीन फोटो टाकलेत. आणि मी तर स्कार्फ रोज बांधते, मग आतल्या भागाला ऊन लागलंच कसं?

त्वचा_विभाग_निवृत्त
तो स्कार्फ ट्यूबसमोर धरून बघा. पलीकडची ट्यूब दिसते का? दिसत असेल तर उजेड आत येतोच. वांगाला नुसते अतिनील किरण पुरतात असं नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही आपल्यासारख्या सावळ्या कातडीत रंग वाढवतो. वर उष्णता. म्हणून गडद रंगाचं, दाट विणीचं कापड घ्या.

याच कारणानं साधं पांढरं सनस्क्रीन वांगाला अर्धंच पुरतं. त्यातलं एसपीएफ आणि पीए अतिनील किरणांचं सांगतं, उजेडाचं नाही. टिंट असलेलं घ्या, घटकांत आयर्न ऑक्साइड लिहिलेलं असतं. एसपीएफ किमान ३०, ५० मिळालं तर बरं. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा काढा, तेवढं चेहरा-मानेला लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि मग म्हणतात उपयोग झाला नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. खिडकीच्या काचेतूनही काही किरण आत येतात, वर्गात खिडकीशी बसत असाल तर तेही धरा.

गोळ्या एकदम सोडू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना डाग दाखवून दुसरा पर्याय विचारा.

नव्या फोटोत डाव्या जबड्याजवळ एक डाग राखाडी झाकेचा वाटतो. तो वांगाच्या तपकिरी रंगाशी जुळत नाही. तिथं खाज येते का, केसांना डाय लावता का? काही काळसर डाग वांगासारखे दिसतात पण उपचार वेगळा असतो. तो फोटोवरून ठरवणार नाही, त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा.

आत्याबाई_मिरज
लिंबाचं लक्षात ठेवते. पण नाकावरच्या ठिपक्यांचं काय? तेही वांग?

त्वचा_विभाग_निवृत्त
नाही. सुटे सुटे, बारके, लहानपणापासून, आईलाही: हे फ्रेकल्सचं लक्षण. ते उन्हाळ्यात गडद आणि थंडीत फिके होतात. सुटे ठिपके थंडीतही तसेच राहिले तर दुसरा प्रकार असू शकतो. ताई, तुमचे फिके होतात का?

सांगलीची_बाई
कधी लक्षच दिलं नाही. आता याच खिडकीत डिसेंबरमध्ये फोटो काढून ठेवीन. डाय लावते, महिन्यातून एकदा, खाज मात्र आठवत नाही. डॉक्टरांना सांगते. स्कार्फ ट्यूबसमोर धरला, ट्यूब अख्खी दिसली.
एकच अडचण. साडेसातला घरी लावलं तर मधली सुट्टी साडेदहाला. तेवढ्यात स्कार्फनं निम्मं पुसलं जातं. कोणी शाळेत परत लावतं का? पोरांसमोर कसं जमवता?

सातारकर_स्नेहा
मी शाळेत पोहोचल्यावर स्कार्फ सोडते आणि हजेरी घ्यायच्या आधी स्टाफरूममध्ये लावते. पर्समध्ये छोटी ट्यूब असते. सुट्टीत दुसऱ्यांदा, तोंड न धुता, टिपकागदानं घाम टिपून त्यावरच.

बागायतदार_तासगाव
घामात टिकणारं कुठलं? बागेत दहा मिनिटांत वाहून जातं.

त्वचा_विभाग_निवृत्त
वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं बघा, पण घाम पुसला की तेही गेलं. तुम्हाला रुंद काठाची टोपी जास्त उपयोगी. मान झाकणारी.