गुडघ्याचा व्यायाम सोडण्याआधी

"आई ६८ वर्षांची, वजन ७८ किलो. व्यायामाने गुडघा जास्त दुखतो म्हणून तिने तो सोडला. आता थेट सांधा बदलावा का?"

व्यायाम बंद करण्याआधी त्याचे प्रमाण तपासावे, असे मला मनापासून वाटते. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की सांध्यावरचा ताण वाढतो, म्हणून खुर्चीत बसून पाय सरळ करावा, पाच सेकंद धरावा आणि असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. त्या वेळी थोडे दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे नेहमीच्या पातळीवर आले नाही किंवा सूज वाढली, तर आवर्तने निम्मी करावीत, पण थांबू नये. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि बहुतेक जणी त्याआधीच कंटाळतात.

वजन एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. म्हणजे आईंचे चार किलो उतरले तर सुमारे सोळा किलोंचा. वेदनेसाठी आधी डायक्लोफेनॅक जेल वापरून पाहावे, कारण याच गटातील गोळ्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रासदायक ठरू शकतात.

शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ एक्स-रेवरून होत नाही. काही महिने हे सारे नीट करूनही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणेही अवघड होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी सांधेबदलाविषयी अवश्य बोलावे.