अनुभव धागा: घरातल्या ज्येष्ठांचं जुनाट बद्धकोष्ठ, आणि आमच्या कॅलेंडरवरचे खाडे

कृष्णाकाठची
चारचौघांत बोलायला अवघड विषय आहे, म्हणून इथे लिहिते. आमच्या आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, वय ७९. सहा महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. जन्मभर शेतावर राबलेल्या बाईला पोटाची तक्रार कधी माहीत नव्हती. आता चार-चार दिवस होत नाही आणि झालंच तर शेळीच्या लेंड्यांसारखे खडे. तासभर कमोडवर बसून घामाघूम होतात.

आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. रात्री दोन चमचे इसबगोल, अर्धा कप दुधात. आठवड्याने त्रास वाढला. पोट फुगायला लागलं.

डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी दोन आठवड्यांची नोंद मागितली. दुधाचे खाडे मांडतो त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायला घेतलं. झालं तर वेळ आणि ब्रिस्टल चार्टमधला नंबर, म्हणजे १ सुटे खडे, ४ मऊ आणि लांब, ७ नुसतं पाणी. नाही झालं तर 'खा'. खाली पाणी किती, किती चालल्या आणि कुंथावं लागलं का. चौदा दिवसांत तीनच वेळा झालं. नंबर १, १ आणि २. बाकी अकरा खाडे.

पाण्याचं कळलं तेव्हा मात्र मीच चाट पडले. "पिते की गं भरपूर," म्हणायच्या. बाटलीवर पट्टी चिकटवून मोजलं तर दिवसाला सहाशे-सातशे मिली आणि दोन कप चहा. कारण विचारलं तर म्हणाल्या, "रात्री उठायचं म्हणजे तुला हाक मारावी लागते." म्हणजे इसबगोल आम्ही जवळजवळ कोरड्या आतड्यात घालत होतो.

आपापले अनुभव लिहा. पुढचं मीही लिहितेच.

रोज_पहाटे_पाचला
ताई, औषधांच्या नादी लागू नका. सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास कोमट पाणी, दिवसभरात चार लिटर, जेवणात ज्वारीची भाकरी, पेरू, पपई, कोंड्यासकट पीठ. मी ६८ वर्षांचा आहे, एक दिवस चुकत नाही. तंतू आणि पाणी, संपला विषय.

वाईकर
सगळ्यांना हे नका सांगू हो. माझ्या वडिलांचं हृदय कमजोर आहे, डॉक्टरांनी पाणी दिवसाला सव्वा लिटरवर बांधून दिलंय. असाच सल्ला ऐकून माझ्या आत्याने त्यांना दोन दिवस भरपूर पाणी पाजलं. पाय सुजले, दम लागला, ॲडमिट करावं लागलं. पोट तरीही साफ झालंच नाही.

सिस्टर_निवृत्त
३२ वर्षं वॉर्डात काढली, आता घरी जाऊन पेशंट बघते. भाकरी-पेरूचं काका बरोबर सांगताहेत, पण ते चालत्या-फिरत्या माणसाला. पाणी कमी पडत असेल तर वाढवून नक्की फरक पडतो. पुरेसं पिणाऱ्याला आणखी पाजलं की लघवी वाढते, बाकी काही नाही. आणि हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक ग्लाससुद्धा वाढवायचा नाही.

इसबगोल पाणी धरून फुगतं. एका चमच्याला पूर्ण ग्लासभर पाणी हवं, तेही लगेच प्यायला हवं. पडून असलेल्या, पाणी न पिणाऱ्या माणसाला आणि खाली खडा अडकलेला असताना ते देऊच नये.

कृष्णाकाठची, दोन प्रश्न. सगळ्या गोळ्यांची यादी टाकाल का, मलम-सिरपसकट? आणि मध्येच कपड्याला पातळ डाग लागतो का?

कृष्णाकाठची
डाग लागला होता दोनदा! मला वाटलं पोट बिघडलं, म्हणून कॅलेंडरवर 'खा'च्या शेजारीच '६' लिहून मोकळी झाले.
गोळ्या: कॅल्शियम कार्बोनेट दोन वेळा, लोहाची एक, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल असलेली दोन वेळा, पायाच्या मुंग्यांसाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिन १०, आणि बीपीची.

नागपुरी संत्रं
ताई, त्या डागाकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या बाबांना असंच दिवसातून पाच-सहा वेळा पातळ व्हायचं. आम्ही जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी दिली, तीही तीन दिवस. मग लघवी अडकली, बाबा बरळायला लागले. दवाखान्यात बोट घालून तपासलं तर आत दगडासारखा गोळा, आणि पाणी त्याच्या कडेकडेने झिरपत होतं. तो काढल्यावर संध्याकाळपर्यंत लघवी सुटली. बरळणं थांबायला मात्र आठवडा लागला.

गोळीवाला
माझं मेडिकल स्टोअर आहे, त्या यादीबद्दल बोलतो. तुमच्या चार गोळ्या आतडं जड करतात: कॅल्शियम, लोह, ट्रॅमाडॉल, ॲमिट्रिप्टिलिन. त्यात ट्रॅमाडॉल सगळ्यात वर. गंमत अशी की चौघी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि एकत्र यादी फक्त आमच्या काउंटरवर दिसते. माझा एक साधा ठोकताळा आहे: ज्या गोळीने तोंड कोरडं पडतं ती बहुधा आतडंही संथ करते. सर्दीच्या, लघवी रोखण्याच्या, हात थरथरण्याच्या काही गोळ्या त्यातल्याच. आपल्या मनाने मात्र एकही बंद करू नका. यादी घेऊन जा आणि "यातली कुठली अजून लागते?" एवढंच विचारा.

पिंपरीचा प्रोग्रॅमर
मी ३१ वर्षांचा आहे. मलाही बसून काम असल्यामुळे हाच त्रास, कधीकधी रक्त पडतं. इसबगोल चालू करू का?

सिस्टर_निवृत्त
बाळा, धागा ज्येष्ठांचा आहे, पण रक्त कुठल्याही वयात दाखवायचं असतं. बहुतेक मूळव्याध किंवा चीर निघेल, पण ते डॉक्टरांनी बघून सांगू दे. ज्येष्ठांमध्ये रक्त, उतरलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, किंवा जन्मभर नीट असलेली सवय अचानक बदलणं, यातलं काही असेल तर नोंदी करत महिना घालवू नका. पोट ताठ, उलट्या आणि वायूसुद्धा सरत नसेल तर त्याच रात्री निघायचं.

कृष्णाकाठची
सिस्टर, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी गेलो. तुमचा अंदाज खरा निघाला, गोळा होता. तिथेच एनिमा दिला. ट्रॅमाडॉल बंद करून पॅरासिटामॉल दिली. इसबगोल थांबवलं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, १७ ग्रॅमचं एक पाकीट ग्लासभर पाण्यात, रोज सकाळी. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आता ठीक आहे, म्हणून लोहही बंद. सगळं एकाच दिवशी.

सिस्टर_निवृत्त
गोळा काढणं तातडीचं होतंच. बाकी मी एकेक बदललं असतं. आता बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कसं कळणार? पाकीट कायमचं चिकटतं मग. असो. या पावडरीला एक ते तीन दिवस लागतात, पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून दुसरं पाकीट फोडू नका.

गोळीवाला
सिस्टर, इथे मी डॉक्टरांच्या बाजूने. ७९ वर्षांच्या बाईला प्रयोगासाठी आणखी महिनाभर ट्रॅमाडॉल का द्यायची?

कंपवातवाले आजोबा
मी ७६, स्वतःचंच लिहितो. माझं वेगळं आहे. मल मऊ असतो, नंबर ४, तरी बाहेर येत नाही. कुंथावं तितकं दार बंद. दोन वर्षं लोक मला अंजीर आणि मनुका खायला घालत होते. शेवटी एका डॉक्टरांनी बोटाने तपासता तपासता "जोर करा" म्हटलं आणि सांगितलं, जोर करताना तुमचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळतोय. त्यावर बायोफीडबॅक म्हणून शिकवणी असते, पडद्यावर रेघ बघत स्नायू सोडायला शिकायचं. सहा वेळा जाऊन आलो. निम्मं बरं आहे. निम्मं नाही. तेव्हा नुसता नंबर लिहू नका, किती वेळ बसावं लागलं तेही लिहा. त्यावरूनच माझं निदान झालं.

फिजिओ_मिरज
आत्यांचे पाय कमोडवर बसल्यावर जमिनीला टेकतात का?

कृष्णाकाठची
नाही! ऑपरेशननंतर सीट उंच करून घेतली होती. पाय लोंबकळतात. पायाखाली पाट दिला तर म्हणाल्या, "जेवायचा पाट संडासात? मी मेल्यावर करा काय करायचं ते." मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल सरकतं.

फिजिओ_मिरज
लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. एरवी आम्ही गुडघे कमरेपेक्षा वर घ्यायला सांगतो, उकिडवं बसल्यासारखं. पण तुमच्याकडे थांबा. सांध्याचा गोळा बदलला असेल तर सर्जन काही महिने गुडघे वर घेऊ देत नाहीत, सांधा निसटू शकतो. आत रॉड घातला असेल तर बहुधा चालतं. आधी त्यांना विचारा. तोवर तळवे पूर्ण टेकतील इतकीच उंची, आणि पाठ सरळ. पुढे झुकायचं तेही सर्जनना विचारूनच. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, सकाळी सगळ्यात जास्त. म्हणून नाश्ता, मग वॉकरवर थोड्या फेऱ्या, मग बसवणं. दहा मिनिटांत झालं नाही तर उठवा.

कृष्णाकाठची
सहा आठवड्यांनी लिहितेय. सर्जनना विचारलं, सांध्याचा गोळा बदललेला आहे, म्हणून गुडघे वर नाहीत. सुताराकडून बुटका खोका करून घेतला. न्याहारीनंतर ओसरीवर चार फेऱ्या, मग खोक्यावर पाय. पाणी बाटलीत भरून ठेवते, संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं असं ठरलंय, म्हणजे रात्रीची हाक वाचते. ताक-आमटी धरून चौदाशे मिलीपर्यंत जातं, डॉक्टरांनी तेवढ्याला हो म्हटलंय.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, ३ नंबर. चौथ्यात रोज. पाचव्यात सलग दोन दिवस ६, दिवसातून तीन-तीनदा. आत काही अडकलेलं नाही ना ते डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि पाकीट एक दिवसाआड केलं. गेल्या आठवड्यात पाच वेळा, सगळे ४, दहा मिनिटांच्या आत.

एक फसवणूकही पकडली. मधल्या तीन दिवशी आत्यांनी "झालं" म्हणून सांगितलं आणि मी लिहिलंही. पण पोट टणक लागत होतं. एनिमाच्या भीतीने थाप मारत होत्या. आता पाणी ओतायच्या आधी मी बघते, आणि एनिमा हा शब्द घरात कोणी काढत नाही.

ॲमिट्रिप्टिलिनचं अजून ठरलेलं नाही. बंद केली की मुंग्या येतात, झोप जाते. चालू ठेवली तर पाकीट सुटेल असं वाटत नाही.

वाईकर
खोक्याचं माप द्याल का? वडिलांची सीटही उंचच आहे.

कृष्णाकाठची
उंची ५ इंच, वरून १६ बाय १२. आमचं माप आत्यांच्या पायाचं, तुम्ही बाबांना बसवून तळव्यापासून जमिनीपर्यंत मोजा. खाली सायकलची जुनी ट्यूब कापून खिळ्यांनी ठोकलीय, ओल्या फरशीवर सरकत नाही.